दवाखाना आता बंद आहे

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे फोनताई म्हणत. त्यांना स्वतःचे नाव होतेच, परंतु ते पगाराच्या पाकिटावर आणि घरच्या दाराच्या पाटीवर तेवढे उरले होते. पेशंट त्यांना फोनताई म्हणत, औषधे देणारे कंपाउंडरकाका त्यांना फोनताई म्हणत, आणि डॉक्टर मॅडमसुद्धा घाईत असल्या म्हणजे आतून तीच हाक मारत. त्याचे कारण असे की पुष्कळ माणसांना त्यांचा चेहरा ठाऊक होण्याअगोदर त्यांचा आवाज ठाऊक होत असे.

दवाखाना बंद असला की फोन एका यंत्राकडे जाई. चार वेळा घंटी वाजली आणि कोणी उचलला नाही, की यंत्र फोनताईंच्या आवाजात बोलू लागे. दवाखान्याच्या वेळा कोणत्या, वेळ कशी घ्यावी, हे सगळे सांगून झाल्यावर शेवटी तो आवाज म्हणे, "बीप वाजल्यावर आपला निरोप ठेवा. आम्ही लवकरात लवकर आपल्याशी संपर्क साधू." हे वाक्य यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत नमुन्यादाखल छापलेले होते. यंत्र नवे होते तेव्हा फोनताईंनी ते पाहून जसेच्या तसे म्हटले. मॅडमनी ऐकून मान डोलावली. त्यावर पुढे कोणी विचार केला नाही.

त्या वाक्याने काय करून ठेवले, ते सांगण्यापूर्वी फोनताईंच्या संध्याकाळींविषयी सांगणे जरूर आहे.

फोनताईंचे यजमान गेले त्या वर्षी घर फार मोठे वाटू लागले. घरात उरल्या त्या दोघी, फोनताई आणि त्यांची धाकटी नणंद. नणंदेने लग्न केले नव्हते. शाळेच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि दिवसभर कोणाशी बोलावयास न मिळाल्यामुळे संध्याकाळी दिवसभराचे सगळे एकदम बोलत. एके दिवशी जेवणानंतर फोनताईंनी घरच्या फोनवरून दवाखान्याचा क्रमांक फिरवला, गुप्त आकडा दाबला, आणि यंत्रात साठलेले निरोप ऐकले. असे घरबसल्या ऐकता येते, हे त्यांना यंत्र बसवणाऱ्या माणसाने सहज सांगितले होते. एका आईने मुलाच्या तापाविषयी निरोप ठेवला होता. फोनताईंनी तिला फोन लावून दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ दिली. ती आई इतकी हरखली की फोनताईंना त्या संध्याकाळी लवकर झोप लागली.

तेव्हापासून ती रीतच पडली. कोणी सांगितले नव्हते, त्याचा कोणी मोबदला दिला नव्हता. जेवण झाले, भांडी पालथी घातली, की फोनताई फोनपाशी खुर्ची ओढीत. माणसांना हे कळावयास वेळ लागला नाही. "बंद असला तरी निरोप ठेव, फोनताई करतात फोन," असे एकजण दुसऱ्याला सांगे. मॅडमना याची कुणकुण होती. सकाळी रांग शिस्तीत लागलेली असे, कोणी तक्रार करीत नसे, म्हणून त्यांनीही कधी खोलात जाऊन विचारले नाही.

वर्षे गेली. फोनताईंचे गुडघे कुरकुरू लागले, आणि उजवा कान दिवसभराच्या फोनने संध्याकाळी गरम होई. पण निरोप ऐकल्यावाचून त्यांना चैन पडत नसे.

"वहिनी, तुझा दवाखाना तिकडे बंद होतो आणि इकडे उघडतो," नणंदबाई म्हणत. "पाटी लाव दाराला. पाहिजे तर रंगवून देते."

"दोन मिनिटांचं काम असतं, वन्सं."

"तुझी दोन मिनिटं मी रोज बघते. आमटी गार होते त्यात."

"मग गरम करा ना जरा."

"केली की. दोनदा केली. आता तिची कढी झाली."

फोनताई हसत नसत, कारण हसण्याइतके त्राण त्या वेळी उरलेले नसे. पण त्यांना वाईटही वाटत नसे. कोणीतरी आपल्या फोनची वाट पाहत आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची संध्याकाळ उभी होती.

नेहमीच्या पेशंटांमध्ये एक जोडपे होते. यजमान घड्याळे दुरुस्त करीत, म्हणून त्यांना घड्याळकाका म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला ओघानेच घड्याळकाकू. काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. काकू भित्र्या नव्हत्या, परंतु कोणतीही गोष्ट विचारल्यावाचून करावयाच्या नाहीत, अशा स्वभावाच्या होत्या. मुलगा परगावी. शेजारी एक ओळखीचे कुटुंब.

एका शनिवारी दवाखाना दुपारी बंद झाला. त्या आठवड्यात सर्दीतापाची साथ होती आणि फोनताईंनी सकाळी उभ्या उभ्याच चहा घेतला होता. घरी येऊन त्या पलंगावर जरा पाठ टेकायची म्हणून आडव्या झाल्या. नणंदबाईंनी त्यांना जेवायला उठवले नाही. "झोपली आहे ती, झोपू दे," असे त्यांनी स्वतःलाच सांगितले, फोनवर एक टॉवेल टाकला आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवला.

रविवारी उठल्यावर फोनताईंनी सवयीने क्रमांक फिरवला.

पहिला निरोप काकूंचा होता. आवाज शांत होता. "फोनताई, मी बोलतेय. यांच्या हातून चहाचा कप निसटला, आणि तोंड डावीकडे ओढल्यासारखं दिसतंय मला. बोलतायत, पण शब्द नीट येत नाहीत. त्यांना आडवं केलंय. तुमचा फोन आला की सांगा काय करू ते. मी फोनजवळच बसलेय."

दुसरा निरोपही काकूंचाच. "ताई, अजून फोन आला नाही तुमचा. कामात असाल. आता ते झोपलेत, म्हणजे जरा बरं वाटत असेल त्यांना. मी आहे इथेच."

तिसरा निरोप एका बाईचा होता. तिला दंतवैद्याचा पत्ता हवा होता.

फोनताईंनी काकूंच्या घरी फोन लावला. तो शेजारच्या सूनबाईंनी उचलला. पहाटे काकांना उठवता येईना, तेव्हा काकूंनी शेजाऱ्यांचे दार वाजवले, आणि त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. काकांना मोठ्या रुग्णालयात दाखल केले होते. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असते, परंतु ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येते. ती वेळ टळून गेली होती.

काका वाचले. परंतु त्यांचा उजवा हात चादरीवर जसा ठेवला तसाच राही.

फोनताई भेटावयास गेल्या तेव्हा काकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. काकूंनी त्यांना बसावयास जागा करून दिली आणि हातातला पाण्याचा पेला पुढे केला. "तुम्ही दमला असाल काल," काकू म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. रोज रोज माणूस किती करणार."

फोनताईंना त्याहून एखादी चपराक चालली असती.

सोमवारी दवाखाना उघडण्यापूर्वी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि घडले तसे सगळे सांगितले. रोज निरोप ऐकण्याची आपली रीतही सांगितली. कंपाउंडरकाका दारात औषधांचा खोका घेऊन उभे होते. ते आतही येईनात आणि बाहेरही जाईनात.

मॅडमनी पेन खाली ठेवले.

"मला माहीत होतं, ताई," त्या म्हणाल्या. "अगदी सगळं नाही, पण होतं. माझी सोय होत होती, म्हणून मी गप्प राहिले."

"पण मी झोपले."

"माणसाने झोपायचंच असतं. आपल्या यंत्राने त्यांना थांबायला सांगितलं, घोळ तिथे आहे. लवकरात लवकर संपर्क साधू, असं आपण म्हणतो. एरवी कोणी त्यावर विसंबलंही नसतं. पण तुम्ही इतकी वर्षं ते खरं करून दाखवलंत. त्यांनी विश्वास ठेवला आणि त्या बसून राहिल्या."

"आणि अत्यवस्थ माणसासाठी काय करायचं, ते कुठे सांगतो आपण?" कंपाउंडरकाकांनी दारातून विचारले. "मी ऐकलंय ते. वेळा सांगितल्या, गोळ्यांच्या चिठ्ठीचं सांगितलं, पार्किंगचं सांगितलं. जिवाचं काहीच नाही. गाडी कुठे लावायची ते मात्र नीट कळतं."

"काका, खोका ठेवा आधी," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी कोरा कागद ओढला.

त्या दुपारी तिघांनी मिळून नवा मजकूर केला. पहिली गोष्ट अशी ठरली की जिवाचे असेल ते सर्वांत आधी यावे. घाबरलेला माणूस वेळा ऐकत बसत नाही, आणि बसला तर त्याचा वेळ जातो. लक्षणे साध्या शब्दांत सांगावयाची, आजारांची नावे घ्यावयाची नाहीत, कारण आजार कोणता हे ठरवणे फोन करणाऱ्याचे काम नव्हे. क्रमांकाचा एकेक आकडा सुटा म्हणावयाचा आणि पुन्हा एकदा म्हणावयाचा. पार्किंग काढून टाकावयाचे. कंपाउंडरकाकांना याचा फार आनंद झाला.

मग मॅडमनी एक वाक्य लिहिले आणि कागद फोनताईंकडे फिरवला. या यंत्रावरचे निरोप दवाखाना उघडेपर्यंत कोणीही ऐकत नाही.

फोनताईंनी ते वाचले. कागद त्यांनी परत फिरवला नाही.

"हे जरा कठोर वाटतं," त्या म्हणाल्या.

"खरं आहे ना पण?"

"खरं नाही, मॅडम. मी ऐकते."

"आता ऐकायचं नाही. ते खरं असायला हवं, म्हणून तर लिहिलंय." मॅडम हळू बोलत होत्या. "मी तुम्हाला हुकूम करू शकते. पण आवाज तुमचा आहे. तुमच्या मनात नसेल, तर ते ऐकणाऱ्याला कळेल. दोन दिवस घ्या."

फोनताईंनी कागद घरी नेला. जेवणानंतर त्यांनी नणंदबाईंच्या पुढ्यात तो ठेवला. नणंदबाईंनी चष्मा लावून, जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे तपासले तसा, तो दोनदा वाचला.

"मजकूर ठीक आहे. हे वाक्य तू म्हणणार?"

"मी म्हणते, तिथे शक्यतो घालावं. शक्यतो ऐकले जात नाहीत. म्हणजे खोटंही नाही आणि तुटकही नाही."

"म्हणजे तू ऐकणार."

"एखाद्या दिवशी कोणी अडलं असलं तर, वन्सं."

"बरं. मग मी आमटीही शक्यतोच करीन."

फोनताई उठून गॅलरीत गेल्या. खालच्या रस्त्यावर लोक कामावरून घरी परतत होते. आपण ते वाक्य म्हटले की उद्यापासून जेवणानंतर फोनपाशी ओढली जाणारी ती खुर्ची भिंतीलाच राहील, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांना विश्रांती नको होती असे नव्हे. विश्रांतीसाठी त्यांचे हाड न् हाड तळमळत होते. परंतु जिला कोणी विचारीत नाही अशी बाई होण्याची त्यांना फार भीती वाटत होती, आणि ही भीती त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या तापात, खोकल्यात लपवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत त्या रुग्णालयात गेल्या. काकांना उठवून बसवले होते. ते डाव्या हाताने चमचा धरण्याचा सराव करीत होते आणि त्यावर चिडत होते. काकू त्यांना काही सांगत नव्हत्या, फक्त सांडलेले पुसत होत्या.

फोनताईंनी काकूंना बाहेर बाकावर नेले आणि नवा मजकूर वाचून दाखवला. त्या वाक्यापाशी त्यांनी आपला शब्द घातला. "या यंत्रावरचे निरोप दवाखाना उघडेपर्यंत शक्यतो ऐकले जात नाहीत."

काकूंनी मान हलवली. "छान केलंय." मग त्या थोडे थांबून म्हणाल्या, "शक्यतो म्हणजे, मी ठेवला तर तुम्ही ऐकाल ना?"

फोनताईंनी त्यांच्याकडे पाहिले. काकू अगदी प्रामाणिकपणे विचारीत होत्या. आत त्यांचे यजमान डाव्या हाताने चमचा धरीत होते, तरी त्या विचारीत होत्या.

"नाही काकू," फोनताई म्हणाल्या. "मी ऐकणार नाही. कोणीच ऐकणार नाही. तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करायचा. मला नाही."

काकूंचा चेहरा किंचित उतरला. मग त्यांनी पदराने हात पुसले. "असं तुम्ही आधी सांगितलं असतं ना ताई, तर मी थांबले नसते," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. एखादा पत्ता सांगावा तसे त्यांनी ते सांगितले.

त्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर फोनताईंनी पंखा बंद केला, दार लावून घेतले आणि यंत्राचे बटण दाबले. पहिल्या वेळी बाहेर स्कूटर सुरू झाली. दुसऱ्या वेळी कंपाउंडरकाका शिंकले. त्यांना बाहेर घालवण्यात आले. तिसऱ्या वेळी फोनताईंचा आवाज त्या एका वाक्यापाशी बारीक झाला आणि मॅडमनी काही न बोलता पुन्हा, अशी खूण केली. त्यानंतरच्या वेळी मात्र त्यांनी समोर भिंतीकडे न पाहता, बाकावर बसलेल्या काकूंना सांगावे तसे सांगितले.

"नमस्कार. दवाखाना आता बंद आहे. छातीत दुखत असेल, श्वास घेता येत नसेल, तोंड वाकडे झाले असेल, एका बाजूचा हात किंवा पाय उचलत नसेल, बोलणे अडखळत असेल, रक्त थांबत नसेल, किंवा कोणी शुद्धीवर नसेल, तर हा फोन आत्ता ठेवा आणि रुग्णवाहिकेला फोन करा." पुढे त्यांनी क्रमांक एकेक आकडा सुटा करून सांगितला आणि पुन्हा सांगितला. "आमच्या फोनची वाट पाहू नका. या यंत्रावरचे निरोप दवाखाना उघडेपर्यंत कोणीही ऐकत नाही. दवाखाना सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडा असतो. शनिवारी फक्त सकाळी. रविवारी बंद. वेळ घ्यायची असेल, तर बीप वाजल्यावर नाव आणि फोन क्रमांक सावकाश सांगा. आमचा फोन येईपर्यंत वेळ पक्की झाली असे समजू नका. धन्यवाद."

मॅडमनी आपल्या मोबाइलवरून दवाखान्याचा क्रमांक लावून सगळे ऐकले. "झालं," त्या म्हणाल्या. "घरी जा, ताई." निरोप बाहेरून ऐकण्याचा गुप्त आकडा त्यांनी त्याच वेळी बदलला. फोनताईंनी नवा आकडा विचारला नाही.

पुढचे काही दिवस कठीण गेले. फोनताईंना जेवणानंतर हात कुठे ठेवावे ते कळेना. त्या भांडी दोनदा घासू लागल्या. काउंटरवर टोमणेही आले. एका मुलाची आई म्हणाली, "पूर्वी फोन करायचात तुम्ही. आता फोनताई मोठ्या झाल्या." फोनताईंनी तिला संध्याकाळची वेळ लिहून दिली आणि उत्तर दिले नाही. उत्तर देण्याइतकी ताकद त्यांनी पुढच्या पेशंटासाठी राखून ठेवली.

काका घरी आले. उजव्या हाताची बोटे थोडी हलू लागली होती, घड्याळापुरती नव्हे, शर्टाच्या बटणापुरती.

मग एके सोमवारी सकाळी, यंत्रावरचे निरोप ऐकून झाल्यावर, काउंटरवरचा फोन वाजला.

"ताई, मी बोलतेय," घड्याळकाकू म्हणाल्या. "काल संध्याकाळी यांच्या छातीत दुखू लागलं."

फोनताईंच्या हातातले पेन टेबलावरून घरंगळले. यंत्रात काकूंचा निरोप नव्हता. त्यांनी पुन्हा आठवून पाहिले. नव्हता.

"मग?"

"सवयीने तुम्हालाच लावला फोन. तुमचा आवाज आला. आकडे दोनदा ऐकले आणि ठेवून दिला. पुढचं काही ऐकलं नाही हं मी, रागावू नका. गाडी आली, नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाले हृदयाचं काही नाही, पित्ताचं आहे. मला मेलीला शरमल्यासारखं झालं, एवढी गाडी बोलावली. तर तिथले डॉक्टर म्हणाले, आजी, असंच करायचं, उगाच नाही आलात. आता घरी आलोय आम्ही. ओरडतायत माझ्यावर, बिनसाखरेचा चहा दिला म्हणून."

कंपाउंडरकाकांनी खालून पेन उचलून त्यांच्यापुढे ठेवले.

"ताई? आहात ना?"

"आहे. पुढचं ऐकायचं नव्हतंच तुम्ही, काकू."

"पुढे काय असतं?"

"वेळा. संध्याकाळी पाचला या त्यांना घेऊन. ही पक्की समजा."

त्या दिवशी गर्दी नेहमीसारखीच होती. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून फोनताई घरी गेल्या तेव्हा त्यांचा कान नेहमीसारखाच गरम होता आणि गुडघे नेहमीसारखेच कुरकुरत होते. नणंदबाईंनी ताट वाढले.

"आमटी गरम आहे," नणंदबाई म्हणाल्या. "जेवून घे आधी."

फोनताई जेवल्या. खुर्ची भिंतीलाच होती. त्यांनी ती ओढली, परंतु फोनपाशी नव्हे, नणंदबाईंच्या शेजारी, आणि त्यावर बसून पाय लांब केले. नणंदबाई दिवसभराचे सांगू लागल्या. अर्धे होण्याच्या आतच फोनताईंचा डोळा लागला.

"वहिनी, ऐकतेयस ना?" नणंदबाईंनी विचारले.

उत्तर आले नाही. नणंदबाईंनी आवाज लहान केला, आणि उरलेले तसेच सांगून पुरे केले.